अर्धा गाल निळा, अर्धा केशरी: ट्यूब आणि पिवळ्या बल्बच्या खिचडीत व्हाइट बॅलन्स कसा लावायचा?

अबोली_दुपार
मंडळी, मदत हवी आहे. भाचीचं बारसं घरच्या घरीच झालं आणि फोटोंची जबाबदारी माझ्यावर आली. कॅमेरा साधा डीएसएलआर, ५० एमएमची लेन्स, फ्लॅश नाही. सगळे फोटो रॉमध्ये काढलेत, एवढं एक बरं.

खोली अशी आहे: डावीकडच्या भिंतीवर वर एलईडी ट्यूब. उजवीकडे जेवणाच्या टेबलावर लोंबणारा दिवा, त्यात जुना तारेचा पिवळा बल्ब. पाळणा दोन्हींच्या मधोमध, पण भिंतीला जरा जवळ. आता फोटोत बाळाचा उजवा गाल संत्र्यासारखा, डावा निळसर, आणि हनुवटीखाली व डाव्या कानाशी चक्क हिरवट झाक. बाळ आजारी दिसतंय!

कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स ऑटोवर होता. लाइटरूममध्ये पिवळेपणा घालवला की डावा गाल आणखी निळा होतो, निळेपणा घालवला की उजवा गाल पेटतो. त्यातून एक गोष्ट डोक्यात शिरत नाही. बल्बच्या खोक्यावर २७००के लिहिलंय, म्हणून मी Temp २७०० वर नेलं तर अख्खा फोटो निळा झाला. मग पिवळं म्हणजे २७०० की ६५००? वहिनीला अल्बम छापायचाय, जरा सांगा.

उगाच_एक
सोप्पं आहे. फोटोत जिथे पांढरं काही असेल तिथे ड्रॉपर लावा, सगळे रंग आपोआप जागेवर येतात. बाळाचं झबलं पांढरं असेलच की. आणि हिरवा रंग ट्यूबचाच असतो, ट्यूब म्हटलं की हिरवं येणारच. Tint मॅजेंटाकडे सरकवा, विषय संपला.

तिखटमीठ
आमच्याही घरी पिवळे बल्ब काढून टाकायचे आहेत, स्वयंपाकघरात भाजी निवडताना डोळे दुखतात. २० वॅटची ट्यूब पुरेल का १० बाय ८ च्या खोलीला? कुठल्या कंपनीची घ्यावी?

शटरबंद
तिखटमीठ, हा धागा फोटोंचा आहे हो. पण राहू दे, ट्यूबचा विषय पुढे येणारच आहे.

अबोली, आधी तुझ्या २७००चं. तो आकडा कॅमेऱ्याला किंवा लाइटरूमला सांगितलेली बातमी आहे: "बाबा, उजेड २७००चा आहे, म्हणजे पिवळा आहे." हे ऐकल्यावर ते पिवळं मारायला निळं ओततं. उजेड खरंच तेवढा पिवळा असेल तर पांढरं पांढरं दिसतं. तुझ्या फोटोत निम्मा उजेड ट्यूबचा, तो आधीच निळसर. त्यावर आणखी निळं पडलं. म्हणून स्लायडरवर आकडा वाढवला की फोटो पिवळा होतो आणि कमी केला की निळा. बल्बच्या खोक्यावर याच्या बरोबर उलटं वाटतं, सगळ्यांचाच इथे गोंधळ होतो.

दुसरं म्हणजे एका फोटोला एकच व्हाइट बॅलन्स लागतो आणि तुझ्याकडे दिवे दोन आहेत. ऑटोने मधला आकडा पकडला असणार, बघ किती आहे ते. मधला आकडा म्हणजे दोन्ही गाल चुकीचे. स्लायडर कितीही हलवलास तरी एक गाल सुधारताना दुसरा बिघडणारच.

आता हिरव्याचं. उगाच_एक म्हणतात ते जुन्या, आत पारा असलेल्या ट्यूबला लागू आहे. पाऱ्याच्या प्रकाशात हिरव्याची एक ठसठशीत रेघ असते, त्यामुळे त्या ट्यूबखाली चेहरे खरंच हिरवट यायचे. तुझी एलईडी आहे. बरी एलईडी एवढं हिरवं देत नाही. भिंतीचा रंग काय आहे?

अबोली_दुपार
ऑटोने ४३५० पकडलंय. भिंत पिस्ता कलरची, ऑइल पेंट, चकचकीत!! पण भिंत तर पाळण्यापासून हातभर लांब आहे.

शटरबंद
हातभर म्हणजे जवळच की. ट्यूबचा उजेड त्या भिंतीवरून घरंगळत खाली येतो, भिंतीचा पिस्ता रंग घेतो आणि बाळाच्या डाव्या बाजूला खालून लागतो. म्हणून हनुवटीखाली हिरवं. वरून येणारा सरळ उजेड तिथे पोचत नाही, भिंतीचा पोचतो.

माझ्या शब्दावर विसंबू नकोस, तपासून बघ. ज्या फोटोत ट्यूबजवळचं छत आलंय तो उघड. छत पांढरं आहे ना? त्यावर ड्रॉपर टेकव आणि Tint किती येतो ते बघ. नंतर कुणीतरी खोलीच्या मधे, भिंतीपासून लांब, पण ट्यूबकडे तोंड करून उभं असेल असा फोटो शोध. तिथे हिरवं नसेल तर ट्यूब निर्दोष आणि भिंत गुन्हेगार. सगळीकडे सारखंच हिरवं असेल तर मात्र उगाच_एक बरोबर.

अबोली_दुपार
बघितलं. छतावर हिरवं जवळजवळ नाहीच. सासूबाई मधे उभ्या आहेत, त्याही ठीक, फक्त निळसर. पण आत्या भिंतीला टेकून बसल्यात, त्यांचा डावा हात चक्क शेवाळ्यासारखा. म्हणजे भिंतच!

उगाच_एक
बरं, भिंत तर भिंत. पण झबल्यावर ड्रॉपर लावायला काय हरकत आहे? मी नेहमी तेच करतो.

कोकणकडा
हरकत आहे. आमच्याकडे आई अजून पांढऱ्या कपड्यांना नीळ देते. अशा झबल्यावर ड्रॉपर लावला की प्रोग्रामला वाटतं निळेपणा उजेडातला आहे. मग तो तेवढं पिवळं ओततो आणि बाळाला कावीळ होते. बाजारच्या पावडरीतही पांढरं चमकवणारं रसायन असतं, तेही निळीकडे झुकतं. लग्नाच्या फोटोंत नवरदेवाच्या धोतरावर ड्रॉपर लावून फसलेले बरेच बघितलेत.

आणि मुख्य म्हणजे या फोटोत झबल्याची डावी बाजू ट्यूबने उजळलीय, उजवी बल्बने. डावीकडे टेकवलं तर एक उत्तर, उजवीकडे टेकवलं तर दुसरं.

शटरबंद
+१. पण ती दोन उत्तरंच आपल्याला हवी आहेत, अबोली. झबल्यापेक्षा छत बरं. चुन्याचं किंवा साध्या डिस्टेंपरचं छत निळीच्या कपड्यापेक्षा जास्त भरवशाचं. ट्यूबच्या बाजूचं छत आणि दिव्याच्या बाजूचं छत, दोन्हीकडे ड्रॉपर टेकवून आकडे कागदावर लिही.

पुढच्या वेळी करडं कार्ड ने. फोटोच्या दुकानात मिळतं. फक्त ते बाळाच्या जागी धरून एकदा ट्यूबकडे वळव आणि फोटो काढ, एकदा बल्बकडे वळवून काढ. कार्ड ज्या दिव्याकडे बघेल त्याचाच रंग सांगतं. समोर सरळ धरलं तर पुन्हा तोच मधला, बिनकामाचा आकडा येईल.

अबोली_दुपार
ट्यूबकडचं छत: ६१००. दिव्याकडचं: २८५०. बापरे, केवढा फरक.

शटरबंद
आकड्यांत दिसतो त्याहून मोठा आहे. तो स्लायडर सरळ मोजपट्टीसारखा नसतो. २८५० वरून ३८५० ला गेलीस की रंग डोळ्यात भरण्याइतका बदलतो, ६१०० वरून ७१०० ला गेलीस तर जेमतेम कळतो. म्हणून पिवळ्या टोकाला स्लायडर हळू हलवायचा.

आता एक फोटो घे, ज्यात बाळाचा चेहरा स्पष्ट आहे. आणि हे याच क्रमाने कर.

आधी ठरव की चेहऱ्यावर कोणाचा उजेड जास्त आहे. तू सांगितलंस त्यावरून ट्यूबचा. मग अख्ख्या फोटोचं Temp ६१०० च्या आसपास ठेव. डावा गाल नीट दिसेल, उजवी बाजू भडकेल. भडकू दे.

मग Masking मध्ये ब्रश घे, Feather भरपूर ठेव, आणि फक्त बल्बने उजळलेल्या भागावर फिरव: उजवा गाल, पाळण्याची उजवी कड, मागचं टेबल. त्या मास्कचं Temp निळ्याकडे ओढ. इथे केल्विन नसतात, नुसते उणे-अधिक आकडे असतात, त्यामुळे डोळ्यानेच ठरवायचं. पूर्ण पांढरं करू नकोस, थोडी ऊब राहू दे. दिवा फोटोत दिसतोय. त्याच्या शेजारचा गाल पिवळसर असणं डोळ्याला पटतं. दोन्ही गाल तंतोतंत सारखे केलेस तर चेहरा कापून चिकटवल्यासारखा दिसेल.

शेवटी हनुवटी आणि कानाशी तिसरा छोटा मास्क. त्यात Temp ला हात लावायचा नाही, नुसता Tint मॅजेंटाकडे, थोडासाच. हिरवं हा वेगळा आजार आहे, त्याचं औषध पिवळ्या-निळ्या स्लायडरमध्ये नाही.

खिडकीतून
एवढी उठाठेव कशाला? HSL मध्ये जाऊन Orange चं सॅच्युरेशन कमी करा, एका सेकंदात केशरी गायब.

शटरबंद
केशरी गायब आणि बाळाची कांतीही गायब. आपल्याकडच्या त्वचेचा रंग मुळात केशरीच्याच घरातला. डावा गाल, जो सुधारलाय, तोही राखाडी होईल. आत्यांच्या अंगावरचे दागिनेही पितळी दिसतील.

अबोली_दुपार
करून बघितलं (शटरबंदांचं, HSL वालं नाही). खूप फरक पडला! हिरवं गेलं, बाळ बरं झालं 😄 पण तीन अडचणी आहेत. नाकाच्या डाव्या बाजूने हनुवटीपर्यंत एक जांभळट पट्टा आलाय. उजव्या गालावर वाळूसारखं बारीक बारीक दिसतंय, डाव्यावर नाही. आणि आत्यांची साडी डाळिंबी आहे, ती चॉकलेटी झाली, त्यांनी फोटो बघून लगेच सांगितलं.

शटरबंद
पट्टा: निळ्याकडे ओढणारा मास्क आणि मॅजेंटाचा मास्क एकमेकांवर चढलेत. निळं अधिक मॅजेंटा म्हणजे जांभळं. मॅजेंटावाला मास्क इरेझरने नाकाकडून मागे घे, तो हनुवटीच्या खालीच राहू दे.

वाळू: तारेच्या बल्बमध्ये निळा प्रकाश फारच कमी असतो. उजव्या गालाला निळं मिळालंच नव्हतं, आपण आता ते जबरदस्तीने वाढवलं, त्याबरोबर त्यातली कुरकुरही वाढली. आयएसओ किती होता? त्या मास्कमध्ये Noise चा स्लायडर आहे, थोडा वाढव. पूर्ण जाणार नाही. अल्बमच्या आकारात छापल्यावर दिसणारही नाही.

साडी: कुठे बसल्या होत्या आत्या? बल्बखाली असतील तर साडीवरही मास्क गेलाय का बघ. गेला असेल आणि तरी चॉकलेटी असेल तर कदाचित लाल रंग शूट करतानाच फुटलाय.

अबोली_दुपार
आयएसओ १६००. आत्या भिंतीशी, म्हणजे ट्यूबच्या बाजूला! साडीचा पदर हिरव्या बाजूला आहे.

शटरबंद
मग सोपं आहे. डाळिंबी कापडावर हिरवट उजेड पडला की ते तपकिरी दिसतं. साडी चॉकलेटी "झाली" नाही, आधीपासूनच तशी होती. बाकीचा फोटो नीट झाल्यावर ती नजरेत आली. पदरावरही तोच Tint चा मास्क लाव. आत्यांना विचारून थांब, साडीच्या बाबतीत त्यांचा शब्द अंतिम.

पैठणीवाली
साडीचा विषय निघाला म्हणून माझं दुखणं सांगते. मी घरून पैठण्या विकते, फोटो व्हॉट्सॲपवर टाकते. मोरपंखी रंग फोटोत कधी निळा येतो, कधी हिरवा. गिऱ्हाईक म्हणतं "ताई, फोटोत वेगळी होती" आणि परत पाठवतं. खोलीत एकच प्रकारची ट्यूब आहे, पिवळा बल्ब नाहीच. करडं कार्डही घेतलं. तरी मोरपंखी काही जमत नाही. बाकीचे रंग बरे येतात.

कोकणकडा
ताई, तुमचा आजार वेगळा आहे. स्वस्त एलईडीच्या प्रकाशात काही रंगांचा वाटा फार कमी असतो, उजेड पांढरा दिसला तरी. कार्ड करडं दिसेल, पण जो रंग उजेडातच कमी आहे तो कापडावरून परत येणार कुठून? व्हाइट बॅलन्सने तो तयार होत नाही. शिवाय मोरपंखी पैठणीत बऱ्याचदा ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, उजेडाचा कोन बदलला की रंग बदलतो. सकाळी खिडकीशी, पण थेट ऊन न पडणाऱ्या जागी, ट्यूब बंद करून काढून बघा. नाहीतर खोक्यावर सीआरआय ९० च्या पुढे लिहिलेला दिवा घ्या.

पैठणीवाली
खिडकीशी काढून बघते. रात्री ऑर्डर आल्या तर मग काय, हा प्रश्न राहिलाच.

खिडकीतून
अबोली, शटर स्पीड किती होता? मी मुलाच्या मुंजीत कार्यालयात काढले होते, व्हाइट बॅलन्स एकाच आकड्यावर घट्ट ठेवून. तरी लागोपाठच्या फोटोंत रंग बदलत होता, एक पिवळा, पुढचा निळा. मला वाटलं कॅमेरा बिघडला.

अबोली_दुपार
अय्या, माझ्याही काही फोटोंत तसं झालंय! शटर १/३२०. मला वाटलं ऑटोमुळे असेल.

शटरबंद
ऑटोमुळेही होतं, पण १/३२० ला आणखी एक कारण असू शकतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे काही ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. तारेचा बल्ब मात्र तापलेला असतो, त्याचा उजेड फारसा हलत नाही. १/३२० म्हणजे त्या चढउताराचा छोटासा तुकडा. शटर ट्यूब तेज असताना उघडलं तर फोटो निळा, मंद असताना उघडलं तर बल्बचं वर्चस्व आणि फोटो पिवळा. नुसत्या ट्यूबखाली फोटो उजळ-काळोखा झाला असता, दोन दिवे असल्यामुळे रंग बदलतो. कधी एकाच फोटोत आडवे पट्टेही येतात, वर पिवळं, खाली निळं.

१/१०० किंवा १/५० ठेवलं की दर फोटोला पूर्ण चढउतार मिळतो आणि रंग स्थिर राहतो. बाळ पाळण्यात झोपलेलं असेल तर १/१०० पुरतं. हात-पाय झाडणाऱ्या बाळाला अवघड आहे, हे मान्य.

दूरदेशी
अमेरिकेत असाल तर १/६० किंवा १/१२०. इथे वीज ६० हर्ट्झची. भारतातली सवय घेऊन आलो होतो, इथल्या गणपतीच्या हॉलमध्ये १/१०० ला पट्टे आले तेव्हा मित्राने सांगितलं.

अबोली_दुपार
ज्यांच्याकडे लाइटरूम नाही त्यांच्यासाठी काही? बहिणीला तिचे फोटो स्वतःच करायचेत.

कोकणकडा
गिंप फुकट आहे. तिच्याकडे रॉ असेल तर रॉथेरपी किंवा डार्कटेबलमधून एकाच फोटोच्या दोन प्रती काढायच्या, एक ६१०० ला, एक २८५० ला. दोन्ही गिंपमध्ये एकावर एक लेयर म्हणून ठेवायच्या, वरच्या लेयरला मास्क लावायचा आणि मऊ ब्रशने काळं-पांढरं रंगवत जायचं. मला तर लाइटरूमपेक्षा हे सोपं वाटतं, कारण दोन्ही टोकं डोळ्यासमोर असतात. जेपीईजी असतील तर मात्र आशा कमी. पिवळ्या बाजूचा लाल बहुधा फुटलेला असतो आणि निळा तळाला गेलेला, ओढून काही निघत नाही.

खिडकीतून
तेव्हा ब्लॅक अँड व्हाइट करा. खरंच.

उगाच_एक
बारशाचे फोटो ब्लॅक अँड व्हाइट? वहिनी घरात घेणार नाहीत.

अबोली_दुपार
😄 पुढच्या महिन्यात त्याच खोलीत केळवण आहे. तेव्हा काय करू? फ्लॅश घ्यावा का?

शटरबंद
फ्लॅश नको, स्टूल घे. टेबलावरच्या दिव्यातला पिवळा बल्ब काढ आणि ट्यूबच्या खोक्यावर जो आकडा आहे, बहुतेक ६५००के, त्याच आकड्याचा एलईडी बल्ब लाव. दोन्ही दिवे एकाच जातीचे झाले की अर्धा धागा गेला. दोघांत थोडा फरक राहील, तो चालतो. आणि पाहुण्यांना पिस्ता भिंतीपासून निदान चार-पाच फूट लांब बसव. फ्लॅश घेतलासच तर तो त्या भिंतीवर मारू नकोस, छतावर मार, नाहीतर सगळं केळवण पिस्त्याचं होईल.

कोकणकडा
मी उलटं करीन. ट्यूब बंद आणि दोन-तीन ३०००केचे बल्ब. ६५०० खाली जेवणाची पंगत दवाखान्यासारखी दिसते, पुरणपोळीचा रंगच मरतो. व्हाइट बॅलन्स काय, कुठल्याही एका आकड्याला बसवता येतो.

शटरबंद
३००० ला उजेड पुरेल का, हा प्रश्न आहे. निळं कमी म्हणजे पुन्हा आयएसओ आणि पुन्हा तीच वाळू. अबोली, दोन्ही लावून आदल्या रात्री नवऱ्याला खुर्चीत बसव आणि बघ.

अबोली_दुपार
आणि समई? ती तर बंद करता येणार नाही. 😅

कोकणकडा
समईला हात लावू नका. ज्योत बल्बपेक्षाही पिवळी असते, ती पिवळी दिसली तर कुणाचं काही बिघडत नाही. फक्त कुणाचा चेहरा समईच्या अगदी जवळ आणू नका.

तिखटमीठ
मग स्वयंपाकघराला ६५००के घेऊ की ३०००के? आणि २० वॅट पुरेल का, ते कुणी सांगितलंच नाही.

उगाच_एक
४०००के घ्या, पुरेल. भिंत पिस्ता नसेल तर.